पाकिटावरचं नाव आणि पत्रातलं नाव

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या वाचनालयाच्या जुन्या सभासद असलेल्या एका काकूंचा फोन आला. सूर चढलेला होता. "वर्गणी मी जानेवारीतच भरली. पावती आहे माझ्याकडे. मग परत कसली मागताय?" त्यांना आलेली मेल मी मागवून घेतली. वर वाचनालयाचं नाव, कार्यालयाचा नेहमीचा ईमेल पत्ता, खाली 'थकीत वर्गणी आजच भरा' आणि एक लिंक. पत्ता आमचाच होता, एका अक्षराचाही फरक नव्हता. मेल मात्र आम्ही पाठवली नव्हती.

कार्यकारिणीच्या सभेत एकच शब्द फिरला, 'हॅक'. कुणी पासवर्ड बदलायला सांगितला, कुणी पोलिसांत जायला. कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळणारा मी एकटाच, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. दोन दिवस सगळं तपासलं. पासवर्ड कुणाच्या हाती लागला नव्हता, आमच्या खात्यात कुणी शिरलंही नव्हतं. तशी गरजच नव्हती. आमच्या पत्त्यावरून मेल पाठवण्यासाठी आमच्या पत्त्याची किल्ली लागत नाही, ही गोष्ट त्या दिवशी सभेत कुणालाच पटेना.

ती पटायची तर मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाते कशी, ते बघावं लागतं. दोन सर्व्हर चक्क एकमेकांशी बोलतात, आणि त्यांचं बोलणं इतकं साधं आहे की वाचताही येतं. (या लेखात आमच्या वाचनालयाच्या खऱ्या नावाऐवजी example.com लिहितो आणि त्या भामट्याच्या नावाऐवजी example.net.)

```
MAIL FROM:<x91@example.net>
RCPT TO:<kaku@gmail.com>
DATA
From: Vachanalay <karyalay@example.com>
Subject: ...
```

पहिल्या दोन ओळी म्हणजे पाकीट. पोस्टात पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, तसंच हे. DATA नंतर जे येतं ते पाकिटातलं पत्र. पत्राच्या डोक्यावरही 'कडून' असतं, ती From ची ओळ. काकूंच्या फोनवर दिसली ती हीच. पाकीट सर्व्हरच्या हातातच फाटतं, वाचणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही. आणि पाकिटावरचं नाव व पत्रातलं नाव जुळलं पाहिजे, असं या बोलण्याच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. जॉन पोस्टेल यांनी हे नियम १९८२ साली लिहून काढले, तेव्हा जाळ्यावर होती ती विद्यापीठं, संशोधन संस्था आणि सरकारी खाती. कुणी दुसऱ्याच्या नावाने पत्र लिहील, ही तेव्हाची मोठी काळजी नव्हती.

न जुळण्याला प्रामाणिक कारणंही असतात. लग्नपत्रिका छापखान्यातून परस्पर पोस्टात पडते. पाकिटावर छापखान्याचा शिक्का, आत यजमानांचं नाव. बँका, विमा कंपन्या, शाळा आपल्या मेल अशाच दुसऱ्याकडून पाठवून घेतात. पाकिटावर त्या सेवेचा पत्ता ठेवला, की न पोचलेली पत्रं परत तिच्याकडेच जातात. त्यामुळे 'नावं जुळत नाहीत, फेकून द्या' एवढं म्हणून भागत नाही.

मग घेणाऱ्या सर्व्हरच्या हातात खात्रीचं असं काय उरतं? एकच गोष्ट: समोरचं मशीन कुठल्या आयपी पत्त्यावरून बोलतंय. तो पत्ता खोटा दिला तर उत्तर भलत्याच ठिकाणी जाईल आणि संभाषण पुढे सरकणारच नाही. पहिली तपासणी या एका खात्रीवर उभी आहे. तिचं नाव एसपीएफ.

प्रत्येक डोमेनला जगाला दिसणारा एक सूचनाफलक असतो, त्याला डीएनएस म्हणतात. फलकावर लिहिण्याचा हक्क फक्त डोमेनच्या मालकाला, वाचायला मात्र कुणालाही मोकळीक. एसपीएफ म्हणजे त्या फलकावरची एक ओळ. आमच्या फलकावर ती वेबसाइट करून देणाऱ्या माणसाने कधीतरी लावून ठेवली होती, हे मला त्या मार्चमध्येच कळलं.

```
v=spf1 ip4:203.0.113.25 -all
```

अर्थ सरळ आहे. आमच्या नावाची पाकिटं 203.0.113.25 या मशीनवरूनच निघतील, बाकी कुणाकडून आली तर ती आमची नव्हेत. शेवटच्या all च्या आधी वजाचं चिन्ह असलं तर ठाम नकार, त्या जागी `~` असलं तर 'आमची नसावीत, पण जरा सांभाळून घ्या'. घेणारा सर्व्हर पाकिटावरचं डोमेन बघतो, त्याच्या फलकावरची यादी वाचतो आणि समोरच्या मशीनचा पत्ता त्या यादीत आहे का ते पाहतो. सगळा खेळ एका सेकंदाच्या आत उरकतो.

मग काकूंकडे ती मेल पोचली कशी? आमच्याकडे एसपीएफ होतं, ठाम नकारही होता. वरचं संभाषण पुन्हा वाचलं की उत्तर सापडतं. एसपीएफ पाकिटावरचं नाव बघतं, आणि भामट्याने पाकिटावर स्वतःचंच डोमेन लिहिलं होतं. त्या डोमेनच्या फलकावर त्याने स्वतःच्या मशीनची यादीही नीट लावलेली. यादी तपासली, मशीन सापडलं, निकाल: पास. आमचं नाव होतं पत्रात, आणि पत्रातल्या नावाशी एसपीएफचा काही संबंध नाही.

हे कळायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. मेलचा तपशील उघडला तर तिथे `spf=pass` असं स्वच्छ लिहिलेलं. आधी वाटलं, तपासणीच चुकली असणार. चुकलं होतं माझं वाचन. 'पास' म्हणजे कोण पास, हे मी पाहिलंच नव्हतं.

दुसरी तपासणी मशीन बघत नाही, पत्रच बघते. तिला डीकिम म्हणतात. याहूची एक पद्धत आणि सिस्को कंपनीची एक पद्धत यांचं लग्न लावून ती तयार झाली आणि २००७ साली तिचा मसुदा प्रसिद्ध झाला. पाठवणारा सर्व्हर पत्राच्या मजकुराचं आणि From, Subject अशा निवडक ओळींचं गणिती सार काढतो आणि फक्त स्वतःजवळ असलेल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करतो. ती सही पत्राच्या डोक्यावर चिकटवलेली असते.

```
DKIM-Signature: v=1; a=rsa-sha256; d=example.com; s=v1;
 h=from:to:subject:date; bh=...; b=...
```

यातला d म्हणजे सही कुणाच्या नावाची, s म्हणजे त्या नावाच्या कितव्या किल्लीची, bh म्हणजे मजकुराचं सार आणि b ही खुद्द सही. सही पडताळायला लागणारी उघडी किल्ली फलकावर असते. या उदाहरणात ती `v1._domainkey.example.com` इथे मिळेल. ती घेऊन घेणारा सर्व्हर सही पडताळतो. मजकुरात एखादा शब्द जरी वाटेत बदलला असेल तरी सार जुळत नाही आणि सही बाद होते.

ही सही किती भक्कम, ते किल्लीच्या लांबीवर ठरतं. याचा एक किस्सा मेल सांभाळणाऱ्या लोकांत अजून सांगितला जातो. झॅकरी हॅरिस नावाच्या अमेरिकन गणितज्ञाला गूगलकडून नोकरीबद्दल विचारणा करणारी मेल आली. त्याला ती खोटी वाटली, म्हणून त्याने तिच्यावरची सही तपासली. सही खरी निघाली, पण किल्ली अवघी ५१२ बिटांची. एवढी छोटी किल्ली फोडता येते. हॅरिसला वाटलं, ही कंपनीने आपली घेतलेली परीक्षाच असणार. भाड्याच्या क्लाउडवर साधारण ७५ डॉलर खर्चून, तीनेक दिवसांत त्याने गुप्त किल्ली शोधून काढली आणि सर्गेई ब्रिन यांच्या नावाने लॅरी पेज यांना मेल धाडली. हे दोघे गूगलचे संस्थापक. उत्तर कुणाचंच आलं नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर गूगलची किल्ली बदलून २०४८ बिटांची झालेली! परीक्षा वगैरे काही नव्हती, किल्ली खरोखरच कच्ची होती. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये ही हकिगत छापून आली आणि इतर कंपन्यांच्या फलकांवरच्या तशाच छोट्या किल्ल्याही उघड्या पडल्या. आज १०२४ बिटांहून छोटी किल्ली चालत नाही आणि २०४८ची शिफारस केली जाते.

पण पक्क्या किल्लीची सहीसुद्धा एवढंच सांगते की d मध्ये ज्याचं नाव आहे त्याने हे पत्र सही करून सोडलं. ते नाव From मधल्या नावाशी जुळलंच पाहिजे, अशी डीकिमचीही अट नाही. काकूंच्या मेलवर सही होती, अस्सल सही. d मध्ये नाव होतं example.net. म्हणजे दोन तपासण्या, दोन्ही पास, आणि पत्र खोटं. कुणीतरी आपलं आधार कार्ड दाखवून तुमच्या नावाने बोलावं आणि दारावरच्या माणसाने कार्ड खरं आहे एवढंच पाहून आत सोडावं, तसला प्रकार.

ही फट बुजवते ती तिसरी ओळ, डीमार्क. पेपाल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू अशा कंपन्यांनी मिळून २०१२ साली ती जाहीर केली. डीमार्क नवीन काही तपासत नाही. ते एकच प्रश्न विचारतं: एसपीएफमध्ये किंवा डीकिममध्ये जे नाव पास झालं, ते वाचणाऱ्याला From मध्ये दिसणारंच नाव आहे का? दोहोंपैकी एक जरी जुळलं तरी पत्र पास. एकही जुळलं नाही तर नापास, मग आपापल्या जागी दोन्ही तपासण्या कितीही पास असोत. नेहमीच्या सैल नियमात `mail.example.com` आणि `example.com` ही एकाच घरची नावं धरली जातात. कडक नियम लावला तर अक्षर न अक्षर जुळावं लागतं.

नापास पत्राचं काय करायचं, हे मालकाने फलकावरच सांगायचं असतं.

```
_dmarc.example.com  TXT
"v=DMARC1; p=none; rua=mailto:ahwal@example.com"
```

p म्हणजे धोरण. none म्हणजे काही करू नका, फक्त कळवा. quarantine म्हणजे स्पॅममध्ये टाका. reject म्हणजे दारातूनच परत पाठवा. आणि rua म्हणजे रोजचा अहवाल कुठे धाडायचा तो पत्ता. तीन धोरणांपेक्षा हा अहवालच मला डीमार्कचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. एरवी आपल्या नावाने जगात कोण काय पाठवतंय, हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

आमची ओळ फलकावर लागली आणि दुसऱ्या दिवसापासून अहवाल यायला लागले. फाइल उघडली की रांगेने आयपी पत्ते, प्रत्येकापुढे मेलची संख्या आणि कोणतं नाव पास झालं त्याची नोंद. पत्रातला मजकूर त्यात येत नाही, कुणाला पाठवलं तेही येत नाही. पहिल्याच आठवड्यात तीन ढीग दिसले. एक आमच्या स्वतःच्या सर्व्हरचा, एसपीएफ पास, नाव आमचंच. दुसऱ्या ढिगात एसपीएफ पास, डीकिम पास, पण दोन्हीकडे नाव भलतंच, डीमार्क नापास. तिसऱ्यातही अगदी तेच: दोन्ही पास, नाव भलतं, डीमार्क नापास.

तिसरा ढीग भामट्याचा होता. दुसरा मात्र आमच्याच पावत्यांचा निघाला. वर्गणी ऑनलाइन भरली की पावती एका सेवेमार्फत जाते, तिच्यासाठी आपण example.org म्हणू. ती सेवा पाकिटावर आपलं नाव घालते, सहीही आपल्याच नावाने करते आणि From मध्ये आमचा पत्ता लिहिते. भामटाही नेमकं हेच करत होता. अहवालात दोघांच्या ओळी शेजारी ठेवल्या तर आकड्यांपलीकडे फरक दिसत नव्हता. यंत्राला तो दिसणारही नाही, कारण त्या सेवेला आम्ही नेमलंय हे आम्ही फलकावर कुठे सांगितलंच नव्हतं. घाईघाईत त्या दिवशी p=reject लावलं असतं, तर भामट्याबरोबर आमच्या सगळ्या पावत्याही परत गेल्या असत्या. ऐन मार्चमध्ये!

ही चूक फार जण करतात. कुणीतरी 'डीमार्क लावा' म्हणतं, इंटरनेटवरून ओळ उतरवून घेतली जाते, शेवटी reject, आणि महिन्याभराने पगाराच्या पावत्या पोचत नाहीत अशी ओरड सुरू होते. याच्या उलट टोकाला none लावून वर्षानुवर्षं झोपलेली डोमेनं आहेत. फलकावर डीमार्क दिसतं, पण ते कुणाला अडवत नाही. दोन्हींपैकी मला दुसरं जास्त वाईट वाटतं, कारण तिथे सगळं ठीक आहे असा समज होऊन बसतो.

पावत्यांवरचा उपाय डीकिमचा. त्या सेवेकडे आमच्या नावाने सही करण्याची सोय होतीच, ती चालू करावी लागते एवढंच. त्यांनी एक उघडी किल्ली दिली, ती आमच्या फलकावर लावायची. मग ते आपल्याजवळच्या जोडीच्या गुप्त किल्लीने सही करणार आणि d मध्ये लिहिणार example.com. मी किल्ली लावली आणि स्वतःला एक रुपयाची पावती पाठवून पाहिली. सही नापास. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, नापासच. शेवटी फलकावर प्रत्यक्ष काय आहे ते पाहिलं.

```
dig +short TXT p1._domainkey.example.com
```

किल्ली अर्ध्यावरच तुटलेली होती. २०४८ बिटांची किल्ली लिहून काढली की चारशेच्या आसपास अक्षरं होतात, आणि फलकावरच्या नोंदीत एका अवतरणात २५५च्या वर अक्षरं मावत नाहीत. लांब किल्ली दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते. आमच्या डोमेन कंपनीच्या पानाने मात्र चूक न दाखवता पुढची अक्षरं गुपचूप गाळली होती. दोन तुकडे करून लावल्यावर चौथी पावती पास झाली. डीकिम नापास होतंय आणि कारण सापडत नाही, असं कुणी सांगितलं की मी आता आधी किल्लीची लांबी मोजायला सांगतो.

त्या सेवेचं नाव आमच्या एसपीएफच्या यादीत `include:` लिहून घालावं, असा सल्लाही एकाने दिला होता. आमच्या बाबतीत त्याचा उपयोग शून्य होता. एसपीएफ पाकिटावरच्या नावाची यादी वाचतं आणि पाकिटावर त्या सेवेचं स्वतःचं नाव होतं. आमची यादी वाचायला तिथे कुणी येणारच नव्हतं. शिवाय अशी includeची माळ वाढत गेली की दुसरंच दुखणं उभं राहतं. यादी वाचताना घेणाऱ्या सर्व्हरला फलकाकडे दहाहून जास्त वेळा पळावं लागलं, तर तो यादीच बाद ठरवतो. एका डोमेनला एसपीएफच्या दोन वेगळ्या ओळी लावल्या तरी तेच होतं. नव्या सेवेची ओळ जुन्या ओळीत मिसळायची सोडून खाली दुसरी चिकटवली, आणि दोन्ही निकामी, असं मी दोन संस्थांमध्ये पाहिलं आहे.

अहवालांत एक चौथा, बारीकसा ढीग मागाहून दिसायला लागला. रोज दोन-चार मेल, सही आमची पास, पण एसपीएफ नापास, आणि आयपी पत्ता एका महाविद्यालयाचा. हे आमचे निवृत्त प्राध्यापक सभासद. त्यांनी कॉलेजच्या पत्त्यावर येणारी मेल जीमेलकडे वळती करून ठेवलेली. मेल आमच्याकडून कॉलेजला जाते, कॉलेजचं मशीन ती जीमेलला देतं. जीमेलच्या दृष्टीने बोलणारं मशीन कॉलेजचं आणि पाकिटावर नाव आमचं, म्हणजे यादीत नाही, नापास. एसपीएफचा हा जन्मजात दोष आहे, पत्र वळतं केलं की ते मोडतं. सही मात्र पत्राला चिकटलेली असते, ती सोबत जाते. डीमार्कला दोहोंपैकी एक पुरतं, म्हणून प्राध्यापकांना पावत्या मिळत राहिल्या. एसपीएफवर भिस्त ठेवून reject लावणाऱ्यांची अशीच माणसं हरवतात. याच कारणाने डीमार्क लावल्यावर मी एसपीएफचा शेवट `-all` वरून `~all` केला. काही सर्व्हर ठाम नकार पाहताच सही न बघता पत्र परत पाठवतात.

सही सुद्धा प्रत्येक वेळी तरत नाही. वाटेतल्या सर्व्हरने पत्राखाली 'हा संदेश गोपनीय आहे' छापाची एक ओळ जोडली, की मजकुराचं सार बदललं आणि सही बाद. २०१४च्या एप्रिलमध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी एकदम reject जाहीर केलं, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर झालं. गटांना जाणाऱ्या मेलच्या विषयात गटाचं नाव आणि तळाशी टीप जोडली जायची, त्यामुळे याहूच्या सभासदांची पत्रं जगभर परत जायला लागली. गटांनी अखेर From मध्ये स्वतःचाच पत्ता घालायला सुरुवात केली. वाटेतल्या सर्व्हरने 'माझ्याकडे आली तेव्हा ही पास होती' असं स्वतःच्या सहीने लिहून पुढे पाठवावं, अशी एआरसी नावाची सोय पुढे आली. पण त्या वाटेतल्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा की नाही, ते अखेर घेणाराच ठरवतो.

आम्ही दीड महिना नुसते अहवाल वाचले. नापास ढिगात ओळखीचं कुणी उरलं नाही असं दिसल्यावर quarantine लावलं, आणखी महिन्याने reject. तेव्हापासून भामट्याच्या मेलला समोरचे बहुतेक मोठे सर्व्हर दारातच ५५० हा नकाराचा आकडा देतात. बहुतेक म्हणतो, कारण p ही मालकाची विनंती असते, हुकूम नव्हे. घेणाऱ्याला वाटलं तर तो नापास पत्र स्पॅममध्ये टाकून मोकळा होऊ शकतो.

आता यातलं बरंचसं ऐच्छिक उरलेलं नाही. २०२४च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही ओळी सक्तीच्या केल्या. जीमेलच्या हिशेबात दिवसाला पाच हजारांच्या आसपास मेल पाठवणारा तो मोठा. २०२५च्या मेपासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकसाठी तसाच नियम आणला. त्याहून कमी पाठवणाऱ्यालाही जीमेलकडे एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी असावंच लागतं. मेल पोचत नाहीत अशी छोट्या संस्थांची तक्रार असते, तेव्हा बऱ्याचदा कारण इतकंच असतं.

एवढं सगळं करूनही काकूंना मे महिन्यात पुन्हा एक मेल आली. या वेळी पत्त्यात आमच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि 'seva' असं जोडलेलं होतं. ते डोमेन भामट्याने रीतसर विकत घेतलेलं, त्याचं एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही लावलेलं, आणि तिन्ही पास. नाव जुळत होतं, कारण नाव त्याचंच होतं. या तपासण्या नाव खरं की खोटं एवढंच सांगतात, माणूस कसा आहे ते सांगत नाहीत. पासवर्ड चोरून खऱ्या खात्यातून पाठवलेली मेलही अशीच तिन्ही परीक्षा पास होते. मिळत्याजुळत्या नावांचा हा त्रास बँकांना सर्वांत जास्त, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ साली भारतातल्या बँकांना `.bank.in` या शेपटाच्या डोमेनवर जायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ते शेपूट बँकेखेरीज कुणाला विकत मिळत नाही. म्हणजे जे काम यंत्राला जमत नाही, ते नावनोंदणीच्या खिडकीवर माणसांनी करायचं.

एखाद्या मेलबद्दल शंका आली तर कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये ती उघडा, उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत `Show original` दाबा. वरच्या बाजूला तीन ओळी दिसतील, SPF, DKIM आणि DMARC. PASS हा शब्द पाहून थांबू नका. DKIM च्या ओळीत PASS पुढे डोमेन लिहिलेलं असतं, ते From मधल्या पत्त्याशी ताडून पाहा, आणि मग तो From मधला पत्ताच अक्षर अक्षर लावून वाचा. मोबाइलवर बहुधा नुसतं नाव दिसतं, पत्ता बघायला नावावर बोट ठेवावं लागतं. काकू आता ते करतात आणि मला फोनवर पत्ता वाचून दाखवतात.

आणि तुमच्या संस्थेने कधीकाळी घेऊन ठेवलेलं, मेलसाठी न वापरलेलं एखादं डोमेन असेल, तर त्याच्याही फलकावर दोन ओळी लावून टाका. ज्याच्यावरून कुणी मेल पाठवत नाही, त्याला महिनाभर अहवाल वाचत बसायची गरज नाही, पहिल्या दिवसापासून reject चालतं.

```
example.com         TXT  "v=spf1 -all"
_dmarc.example.com  TXT  "v=DMARC1; p=reject"
```

पहिल्या ओळीत एकही मशीन नाही, थेट नकार. लेखात मी वापरलेलं example.com हे खरोखरीचं डोमेन आहे, उदाहरणं देता यावीत म्हणून राखून ठेवलेलं. त्यावरून कुणीच मेल पाठवत नाही, आणि त्याच्या फलकावर `v=spf1 -all` हीच ओळ लावलेली आहे.